माणसाच्या मागून दिसणारी अक्षरं, मास्क रिव्हील आणि स्प्लिट स्क्रीन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये रील बनवणाऱ्या नवख्या मंडळींकडून जे प्रश्न सारखे येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरांसाठी एकच उदाहरण धरलं आहे. गोदाघाटावर पिवळा कुर्ता घातलेला मुलगा चार सेकंदांत डावीकडून उजवीकडे चालत जातो आणि त्याच्या मागे मोठ्या अक्षरांत ‘नाशिक’ दिसतं. व्हिडिओ उभा आहे, १०८० × १९२० चा, सेकंदाला ३० फ्रेमचा. मोबाईलवरचं कुठलंही साधं एडिटर चालेल, फक्त त्यात एका क्लिपवर दुसरी ठेवणारा ओव्हरले, क्लिपचा ठरावीक भागच दाखवणारा मास्क, वेळेप्रमाणे जागा बदलणाऱ्या कीफ्रेम आणि माणूस वेगळा करणारं कटआऊट असावं. बटणांची नावं ॲपप्रमाणे थोडी बदलतात, कामं तीच असतात.

अक्षरं माणसाच्या मागे जातात, म्हणजे एडिटरमध्ये नेमकं काय होतं?

मागे काहीच जात नाही. एकच क्लिप दोनदा वापरली जाते. सगळ्यात खाली मूळ क्लिप, तिच्यावर अक्षरं आणि सगळ्यात वर पुन्हा तीच क्लिप, पण तिच्यातला फक्त माणूस ठेवून बाकी सगळं काढून टाकलेलं. कालिदास कलामंदिरातलं नाटक आठवा: मागे पडदा, मध्ये पाटी, पुढे नट. इथे पडद्यावरही तोच नट रंगवलेला आहे आणि पुढचा नट बरोबर त्याच्यावर उभा आहे, एवढाच फरक.

हा फरक नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच चालतं. वरचा थर खालच्या थरावर तंतोतंत बसलेला असेल, तर जिथे अक्षरं नाहीत तिथे कटआऊट कितीही वाकडंतिकडं निघालं तरी डोळ्याला कळत नाही. दोन्हीकडे तेच चित्र असतं. चूक उघडी पडते ती फक्त अक्षरांच्या जागी.

माझ्या ॲपमध्ये टेक्स्ट कायम सगळ्यांच्या वरच येतं. ओव्हरलेच्या खाली जातच नाही. मग काय करायचं?

बऱ्याच साध्या ॲपमध्ये टेक्स्टचा ट्रॅक सगळ्यात वरच असतो, खाली ओढायची सोयच नसते. अशा वेळी काम दोन टप्प्यांत करा.

पहिल्या टप्प्यात मूळ क्लिप घ्या, हवी तेवढी कापा आणि कापलेला तुकडा काहीही न टाकता एकदा एक्स्पोर्ट करा. हा झाला ‘कोरा’ तुकडा. आता या कोऱ्या तुकड्यावर ‘नाशिक’ लिहा आणि तो पुन्हा एक्स्पोर्ट करा. हा झाला ‘अक्षरांचा’ तुकडा. दोन्ही वेळा रिझोल्यूशन आणि फ्रेम रेट तेच ठेवा आणि दर्जा सगळ्यात वरचा निवडा, कारण अक्षरांचा तुकडा पुन्हा एकदा एक्स्पोर्टमधून जाणार आहे.

दुसऱ्या टप्प्यात नवा प्रोजेक्ट उघडा. खाली अक्षरांचा तुकडा घ्या, वर ओव्हरले म्हणून कोरा तुकडा. ओव्हरले बहुतेक वेळा लहान होऊन मधोमध येतो. त्याला दोन बोटांनी ताणून अंदाजे बसवू नका. पूर्ण फ्रेम भरणारं बटण असेल तर ते दाबा, नाहीतर स्केल १०० आणि पोझिशन शून्य करा. मग त्या ओव्हरलेवर कटआऊट लावा. मुलगा अक्षरांच्या पुढे येतो.

मूळ क्लिप थेट न वापरता कोरा तुकडा करून घ्यायला सांगितलं, त्याचं कारण एक प्रश्न सोडून पुढे येईल.

कटआऊट स्वच्छ निघत नाही. केस तुटतात, बोटं गायब होतात.

आधी तपासा की बोटं अक्षरांवरून जातात का. जात नसतील तर सोडून द्या, ती खालच्या थरातून दिसतातच. हे लक्षात न घेता लोक तासभर पायांच्या कडा दुरुस्त करत बसतात आणि अक्षरं तर छातीच्या उंचीवर असतात.

म्हणून अक्षरांची जागाच विचार करून ठरवा. आमच्या उदाहरणात अक्षरं मुलाच्या खांद्यापासून कमरेपर्यंत येतील अशी ठेवली आहेत. तिथे कुर्त्याची कड सरळ आणि रुंद असते, एका रंगाची असते. डोक्याच्या उंचीवर ठेवली तर मोकळे केस छळतात. पायांच्या उंचीवर ठेवली तर दर पावलाला दोन पायांमधल्या फटीतून अक्षर डोकावतं आणि ती फट कटआऊटला दर फ्रेमला सापडेलच असं नाही.

तरीही कड करकरीत, कात्रीने कापल्यासारखी वाटत असेल, तर थोडा फेदर द्या, म्हणजे कड मऊ करा. अगदी थोडा. जास्त दिला की कुर्त्याभोवती मागच्या दगडांचा करडा धूर दिसायला लागतो.

हात हलताना पुसट होतो, ती मात्र शूटिंगची गोष्ट आहे. उजाडता उजाडता घाटावर प्रकाश कमी असतो, मोबाईल शटर सावकाश उघडझाप करतो आणि हलणाऱ्या हाताची कडच उरत नाही. जी कड चित्रात नाही ती कुठलंही ॲप शोधून देणार नाही. ऊन नीट वर आल्यावर शूट करा. आणि काळाराम मंदिरासारख्या काळ्या दगडाच्या भिंतीपुढे काळा शर्ट घालून उभं राहू नका. पिवळा कुर्ता उगाच निवडलेला नाही.

सुरुवातीला ठीक दिसतं, मग मुलाच्या कडेला दुसरी पुसट कड यायला लागते.

हा कटआऊटचा दोष नाही. दोन थर एकमेकांवरून सरकले आहेत. ओळखायचं असं: मागच्या पायऱ्या स्थिर आणि स्वच्छ दिसतात, फक्त हलणाऱ्या माणसाला दुहेरी कड येते. एका फ्रेमचा फरकही पुरतो. आपला मुलगा चार सेकंदांत १०८० पिक्सेल चालतो, म्हणजे दर फ्रेमला नऊ पिक्सेल. एक फ्रेम इकडेतिकडे झाली की नऊ पिक्सेलची सावली त्याच्या पाठीला चिकटते.

दोष पहिल्या फ्रेमपासून सारखाच असेल तर ओव्हरलेची सुरुवात चुकली आहे. टाइमलाइन पूर्ण मोठी करून तो शून्यावर टेकवा. पण सुरुवातीला बरोबर आणि पुढे पुढे वाढत जाणारा असेल, तर कारण वेगळं आहे. मोबाईलचा कॅमेरा बऱ्याचदा नेमक्या ३० फ्रेम टिपत नाही. उजेडाप्रमाणे कधी जास्त, कधी कमी टिपतो. एडिटर एक्स्पोर्ट करताना त्या समान अंतरावर आणतं. मग खाली एक्स्पोर्ट झालेला तुकडा आणि वर थेट कॅमेऱ्यातली क्लिप ठेवली, तर दोघांची चाल जुळत नाही. दोन्ही थर एकाच एक्स्पोर्ट केलेल्या कोऱ्या तुकड्यातून आले की हा प्रश्नच येत नाही. कोऱ्या तुकड्याची खटपट त्यासाठीच.

व्हिडिओ स्थिर करणारं स्टॅबिलायझेशन आणि वेग कमीजास्त करणंही कोरा तुकडा बनवतानाच उरकून घ्या. नंतर एकाच थरावर लावलं तर हाच घोळ होतो.

घाटावर गर्दी असते. मागून जाणारे लोकही अक्षरांच्या पुढे येतात.

येणारच. कटआऊटला ‘माणूस’ कळतो, ‘आपला माणूस’ कळत नाही. रामकुंडाजवळ तर फ्रेममध्ये वीसेक जण सहज असतात. कोऱ्या तुकड्याच्या ओव्हरलेवर कटआऊटच्या जोडीला आयताकृती मास्कही लावा आणि कीफ्रेमने तो मुलाबरोबर सरकवत न्या. मास्क रुंद ठेवला तरी चालतो, फक्त शेजारून जाणारा माणूस त्यात यायला नको. काही ॲपमध्ये एकाच क्लिपवर कटआऊट आणि मास्क दोन्ही लागत नाहीत. मग गोदापार्कच्या बाजूला मोकळी जागा शोधणं सोपं.

कबुतरांचं उलटं होतं. ती कॅमेऱ्याच्या अगदी पुढून उडाली तरी अक्षरांच्या मागून जातात, कारण ॲपच्या लेखी ती माणसं नाहीत. थवा उडताना छान दिसतो म्हणून ठेवायचाच असेल, तर अक्षरं येण्याआधी उडू द्या.

ढोलपथकाचा व्हिडिओ आहे. माणूस कापला जातो, पण ढोल अर्धाच राहतो.

हा खास आपल्याकडचा प्रश्न! कमरेला बांधलेला ढोल ॲपला कधी शरीराचा भाग वाटतो, कधी नाही. त्यामुळे तो एका फ्रेमला दिसतो, दुसऱ्याला नाही. टिपरू तर हातातून नाहीसंच होतं. ब्रशने ढोल हाताने जोडायची सोय असलेली ॲप आहेत, पण वादक सारखा हलत असतो. ते काम किचकट आहे आणि फळ बेताचंच.

त्यापेक्षा अक्षरं वर घ्या, खांदे आणि फेट्याच्या उंचीवर. तिथे ढोल पोचत नाही. टिपरू डोक्यावर उचललं जातं तेवढे क्षण सांभाळा. जमलं तर अक्षरं दोन ठोक्यांच्या मधल्या भागात आणा आणि पुढचा हात वर जायच्या आत काढून घ्या.

मराठी अक्षरांना काही वेगळं सांभाळावं लागतं का?

हो, आणि इंग्रजीतल्या शिकवण्यांमध्ये हे सापडत नाही.

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. अंतर वाढवलं की शिरोरेखा तुटते आणि ‘नाशिक’चे तीन तुकडे होतात. एकेक अक्षर उडी मारून येणारं ॲनिमेशनही टाळा, कारण काही ॲप ‘शि’मधली वेलांटी आणि ‘श’ वेगवेगळे धरतात. वेलांटी आधी येऊन एकटीच उभी राहते. शब्द किंवा ओळ एकदम येणारं ॲनिमेशन निवडा.

वेलांटी, रफार, अनुस्वार हे वरून कापले जाण्याचीही भीती असते. काही ॲपमध्ये टेक्स्टची चौकट इंग्रजी अक्षरांच्या उंचीवर बेतलेली असते. वर एक रिकामी ओळ सोडली की बहुधा सुटतं. फॉन्ट युनिकोडच हवा आणि भरपूर जाड हवा. गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळणारे ‘मुक्ता’चं सगळ्यात जाड वळण किंवा ‘बालू’ चांगले. बारीक फॉन्टमध्ये माणूस अक्षरामागून जातोय की पुढून, हेच कळत नाही.

शब्द छोटा घ्या आणि माणसाला अक्षरापुढे थांबवू नका. मुलगा बरोबर मधोमध थांबला तर ‘शि’ झाकला जातो आणि पाहणाऱ्याला भलंमोठं ‘नाक’ वाचायला मिळतं. चालत राहिला तर एका वेळी एकच अक्षर झाकलं जातं आणि डोळा ते आपोआप भरून काढतो.

मुलगा चालत जाईल तसं त्याच्या मागून ‘नाशिक’ उलगडत यावं असं हवं आहे.

याला मास्क रिव्हील म्हणतात. अवघड वाटतो, पण वरचं जमलं असेल तर हा जवळजवळ फुकट मिळतो. आता तीन थर लावा. खाली कोरा तुकडा. त्याच्यावर अक्षरांचा तुकडा, त्याला सरळ रेषेचा उभा मास्क, असा की रेषेच्या डावीकडचं दिसेल आणि उजवीकडचं लपेल. सगळ्यात वर पुन्हा कोरा तुकडा, कटआऊट लावलेला. मास्कची रेषा मुलाबरोबर डावीकडून उजवीकडे सरकवायची. दिशा उलटी झाली, म्हणजे अक्षरं आधीच दिसतात आणि मुलगा गेल्यावर पुसली जातात, तर Invert दाबा.

इथे नवखे लोक घाबरून दर फ्रेमला कीफ्रेम टाकतात. गरज नाही. रेषा मुलाच्या अंगाखाली लपलेली असते. त्याचं अंग फ्रेममध्ये साधारण दोनशे पिक्सेल रुंद आहे. रेषा बरोबर मधोमध धरली तर दोन्ही बाजूंना शंभर शंभर पिक्सेलची सूट मिळते. तो फ्रेमला नऊ पिक्सेल चालतो, म्हणजे रेषा दहा-अकरा फ्रेम मागेपुढे झाली तरी बाहेर दिसत नाही. एक कीफ्रेम सुरुवातीला, एक शेवटी. मग मधोमध जाऊन बघा. रेषा अंगाबाहेर गेली असेल तरच तिथे तिसरी टाका, आणि मग उरलेल्या दोन अर्ध्यांच्या मध्यावर तेच. समान चालीने चालणाऱ्या माणसाला तीन-चार कीफ्रेम पुरतात.

रेषा बाहेर डोकावत असेल तर कुठे डोकावते ते बघा. सुरुवातीला मागे राहते आणि शेवटी पुढे पळते, असं असेल तर कीफ्रेममधली हालचाल सावकाश सुरू होऊन सावकाश थांबणारी लागली आहे. ती Linear करा. माणूस घाटावर शिरताना आणि निघताना वेग बदलत नाही, मग रेषेनेही बदलू नये.

ॲपमध्ये मास्कला कीफ्रेम लागतच नसतील तर अक्षरांचा तुकडा बनवतानाच टेक्स्टला डावीकडून उजवीकडे उलगडणारं ॲनिमेशन द्या. मुलगा ‘ना’च्या सुरुवातीपासून ‘क’च्या शेवटापर्यंत जायला जितका वेळ घेतो, तितकी त्याची लांबी ठेवा. अक्षरं हजार पिक्सेल रुंद असतील तर हा वेळ सुमारे ३.७ सेकंद येतो.

आणि चालायला डावीकडूनच लावा. उजवीकडून आला तर आधी ‘क’ उलगडतो.

स्प्लिट स्क्रीनमध्ये माणसं अर्धी कापली जातात. मांडणी कशी करावी?

उभी फ्रेम वर-खाली विभागली तर प्रत्येक भाग १०८० × ९६० चा होतो, जवळजवळ चौकोनी. त्यात आडवी शूट केलेली क्लिप उंचीला भरली की तिची रुंदी १७०७ पिक्सेल होते आणि दिसतात १०८०. एक तृतीयांशाहून जास्त भाग बाजूंनी जातो. डावा-उजवा विभागलात तर प्रत्येक पट्टी ५४० रुंद आणि १९२० उंच. त्यात उभा माणूस छान बसतो, बसलेली जोडी किंवा मिसळीची थाळी बसत नाही. म्हणून मांडणी आधी ठरवा आणि मग शूट करा. तिरपी विभागणी हवी असेल तर वरच्या क्लिपला सरळ रेषेचा मास्क लावून दहा-पंधरा अंशांनी फिरवा आणि जोडावर बारीक पांढरी पट्टी ठेवा.

एकच माणूस स्क्रीनच्या दोन्ही बाजूंना, जोड न दिसता, कसा आणायचा?

तत्त्व पुन्हा तेच: मास्कची कड तिथून न्या, जिथे दोन्ही क्लिप सारख्या दिसतात. मोबाईल ट्रायपॉडवर ठेवा, स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा. आधी माणूस डावीकडे शूट करा, मग ट्रायपॉडला हात न लावता उजवीकडे. दोन्ही क्लिप एकावर एक ठेवून वरच्या क्लिपला मधोमध सरळ मास्क आणि थोडा फेदर द्या.

जोड दिसत असेल तर कसा दिसतो ते पाहा. पायऱ्यांच्या रेषा जोडावर तुटत असतील तर ट्रायपॉड हलला आहे. एक अर्धा उजळ आणि दुसरा काळपट असेल तर एक्स्पोजर लॉक झालं नव्हतं किंवा मध्येच ढग आला. वाहत्या पाण्याच्या भागात फेदर दिलेला जोड सहसा दिसत नाही, म्हणून शक्य असेल तिथे मास्क पाण्यावरून न्या. सकाळी सावल्या लांब पडतात. सावली मधली रेष ओलांडून गेली की ती चाकूने कापल्यासारखी दिसते आणि पाहणाऱ्याची नजर तिथेच जाते.

कटआऊट पैसे भरून मिळतं. त्याशिवाय काही होतं का?

होतं. गंगापूर धरणावर सूर्यास्ताला जा. आकाश उजळ, माणूस पूर्ण काळा. कोऱ्या तुकड्यावर पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरं लिहिलेलं चित्र ओव्हरले म्हणून टाका आणि ब्लेंड Multiply करा. पांढरं निघून जातं, लाल अक्षरं आकाशावर राहतात आणि माणूस मुळातच काळा असल्यामुळे त्याच्यावर ती दिसतच नाहीत. कटआऊट नाही, कीफ्रेम नाही, केसाची बटसुद्धा नीट येते. माणूस करडा असेल, म्हणजे चेहऱ्यावर थोडा उजेड असेल, तर मात्र तिथे लाल छटा उतरते. मग त्या क्लिपचे सावलीचे भाग आधी आणखी काळे करून घ्या.

कॅमेरा हातात धरून, चालत शूट केलं तर?

अक्षरं घाटावर उभी आहेत असं न वाटता काचेवर चिकटवल्यासारखी वाटतात. टेक्स्टला मागच्या एखाद्या ठळक वस्तूवर ट्रॅक करायची सोय असेल तर पहिल्या टप्प्यातच करा. नसेल तर ट्रायपॉड.

फिल्टर, रंग आणि गाणं कधी टाकायचं?

सगळं जुळून एकदा एक्स्पोर्ट झाल्यावर, त्या तयार तुकड्यावर. एकाच थरावर फिल्टर लावलात तर मुलगा वेगळ्या उन्हात उभा असल्यासारखा दिसतो आणि आतापर्यंत लपलेल्या कटआऊटच्या सगळ्या चुका, पायांसकट, एकदम दिसायला लागतात.